इमोजी आणि शॉर्टफॉर्म काढले की मेसेज कोरडा का होतो?

नवी_लीड:
आमच्या टीमने ठरवलंय, कामाच्या मेसेजमध्ये इमोजी, शॉर्टफॉर्म आणि चॅटिंगची भाषा बंद. मला पटलंय पण आता मी लिहिलेलं वाचून लोक विचारतात की चिडलीयेस का. दुसऱ्या टीममधल्या सहकाऱ्याला आधी मी असं लिहायचे:

"हाय, रिपोर्ट पाठवलाय पीएफए 🙏 ईओडी पर्यंत बघशील? जरा एएसएपी आहे 😅 टीआयए"

आता असं लिहिते:

"नमस्कार. अहवाल सोबत जोडला आहे. कृपया आज दिवसअखेरपर्यंत तपासून अभिप्राय कळवावा. ही बाब तातडीची आहे. धन्यवाद."

यावर त्याचं उत्तर आलं, "काही चुकलं का माझं?" काही मधला मार्ग आहे का, की नियमच चुकीचा आहे?

रोखठोक:
नियमच चुकीचा आहे. समोरासमोर बोलताना चेहरा दिसतो, फोनवर आवाज कळतो, लिहिताना या दोन्हीच्या जागी इमोजी आहे, तो काढला की कोरडेपणा येणारच, त्यावर उपाय नाही. लोकांना नीट लिहिता येत नाही ही अडचण असेल तर त्यांना लिहायला शिकवा, हसरा चेहरा काढून काय मिळणार?

पानकळा:
सपोर्ट टीममध्ये बाहेर जाणारे मेसेज तपासायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या पहिल्या मेसेजमधला प्रत्येक इमोजी काहीतरी काम करत होता. 😅 सांगत होता की मी तुला ऐन वेळी त्रास देतेय हे मला कळतंय. 🙏 विनंती आणि आभार दोन्ही एकदम करत होता. तू चिन्हं काढलीस पण पहिलं काम कोणत्याच शब्दाकडे दिलं नाहीस आणि दुसरं "कृपया", "धन्यवाद" अशा ठरीव शब्दांवर सोडलंस, म्हणून मागे नुसता हुकूम उरला. दुसरं म्हणजे चिन्हं काढताना तू भाषाही बदललीस. काल ज्याला "बघशील?" म्हणत होतीस त्यालाच आज "कळवावा". माणसाला टोचतो तो हा बदल, इमोजी गेलाय हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. त्याच्याशी तोंडी जसं बोलतेस तसंच लिही, फक्त पूर्ण शब्दांत.

आणि शॉर्टफॉर्ममध्ये एक खरी चूक लपलेली होती ती नव्या मेसेजमध्येही तशीच आलीय. ईओडी म्हणजे नक्की किती वाजता? एकासाठी ऑफिस सुटायची वेळ, दुसऱ्यासाठी रात्री बारा, आणि दुसऱ्या टाइमझोनमधल्या माणसासाठी तुझी उद्याची सकाळ. वर त्याच वाक्यात एएसएपी, म्हणजे आत्ता लगेच की दिवस संपेपर्यंत? "दिवसअखेरपर्यंत" लिहून घोळ मिटला नाही, फक्त लांब झाला. मी असं लिहिलं असतं:

"रिपोर्टमधला तिसऱ्या पानावरचा खर्चाचा तक्ता तेवढा संध्याकाळी सहाच्या आत बघशील का? उद्या सकाळी नऊला तो क्लायंटकडे जायचाय. आकडे मलाच आत्ता मिळाले म्हणून इतक्या ऐन वेळी सांगतेय. बाकीची पानं परवा बघितलीस तरी चालेल. फाइल जोडलीय."

हसऱ्या चेहऱ्याचं काम "मलाच आत्ता मिळाले" करतंय. हात जोडण्याचं काम "तेवढा" आणि "परवा चालेल" करतायत कारण तू मागणी लहान केलीस. वेगळं "धन्यवाद" नसलं तरी चालतं, ते काम झाल्यावर दे, तेव्हा ते जास्त खरं वाटतं.

रोखठोक:
मेसेज चांगला आहे पण मूळ मेसेजच्या तिप्पट झाला की. दिवसभरात ढिगाने मेसेज येतात, प्रत्येकजण असं लिहायला लागला तर वाचणार कोण? शॉर्टफॉर्म आले ते वेळ वाचवायलाच ना.

पानकळा:
लिहिणाऱ्याचा वाचतो, वाचणाऱ्याचा नाही. मूळ मेसेज वाचून त्याला रिपोर्ट उघडायचा, त्यात नक्की काय बघायचं ते शोधायचं, मग "किती वाजेपर्यंत?" विचारायचं आणि तुझ्या उत्तराची वाट बघायची. माझा मेसेज लांब आहे पण त्यावर उलटा प्रश्न येत नाही. मेसेज जमलाय की नाही हे मी यावरूनच ओळखते, उत्तरात काम आलं की खुलासा मागणारा प्रश्न आला. लांबीची भीती असेल तर मागणी पहिल्या वाक्यात टाकायची कारण नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं. वर तेच केलंय, "फाइल जोडलीय" शेवटी टाकलंय.

शुद्धलेखक:
सोपा नियम सांगतो. प्रत्येक शॉर्टफॉर्म उलगडून लिहा आणि प्रत्येक वाक्याला पूर्णविराम द्या. मेसेज आपोआप सभ्य होतो. आमच्याकडे आम्ही हेच करतो.

पानकळा:
अर्धं बरोबर आहे. टीआयए म्हणजे आगाऊ धन्यवाद, एनव्हीएम म्हणजे जाऊ दे, आयएमओ म्हणजे माझ्या मते, हे उलगडायलाच हवेत किंवा काढायला हवेत कारण ते सगळ्यांना कळत नाहीत. पण पीडीएफ, एचआर, ओटीपी ही आता नावंच झालीत. "पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅटमधील प्रत" लिहिलं तर माणूस दचकेल. मी एवढंच बघते की तो शब्द लोक तोंडाने बोलतात का. "पीडीएफ पाठव" म्हणतात, "टीआयए" कुणी म्हणत नाही. आणि पीएफए तर उलगडायचाही नाही. त्याचं "कृपया सोबत जोडलेले पाहावे" करण्यापेक्षा "फाइल जोडलीय" म्हणा, काम झालं.

पूर्णविरामाचं जपून. २०१५ साली अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एकेका शब्दाची उत्तरं असलेले टेक्स्ट मेसेज वाचायला दिले, तर पूर्णविराम असलेली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे लांब मेसेजमध्ये पूर्णविराम हवाच, पण नुसतं "ठीक आहे." पाठवलंत तर ते तुटक वाटू शकतं. त्यावर उपाय इमोजी नाही, पुढचं पाऊल लिहिणं आहे. "ठीक आहे, चारपर्यंत देतो."

गारवा:
माझं मत, मराठी देवनागरीतच लिहावं. रोमनमध्ये लिहिलेलं मराठी वाचताना डोकं दुखतं आणि अर्धे शॉर्टफॉर्म तिथूनच येतात.

नवी_लीड:
@गारवा आम्ही देवनागरीतच लिहितो, माझा प्रश्न सूर बिघडण्याचा आहे.

सावली:
माझी बाजू सांगते, कुणाला वेगळी वाटेल. मला नीट दिसत नाही, मी फोनचा स्क्रीन रीडर वापरते, तो मेसेज वाचून दाखवतो. त्यात प्रत्येक इमोजीचं नाव वाचलं जातं. कुणी वाक्याच्या मध्ये आनंदाश्रूंचा चेहरा ओळीने टाकला की मला ते नाव पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं आणि वाक्य कुठे होतं ते विसरायला होतं. तुमच्या हसऱ्या चेहऱ्यातला मऊपणा माझ्यापर्यंत येतच नाही, मला नुसतं त्याचं वर्णन ऐकू येतं. शब्दांत लिहिलेला मऊपणा मात्र पूर्ण येतो. पानकळा यांनी लिहिलेला मेसेज मी आत्ता ऐकला, एकदाही थांबावं लागलं नाही. इमोजी टाकायचाच असेल तर एकच आणि शेवटी टाका, एवढी विनंती.

रोखठोक:
@सावली हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सांगितलंत ते बरं केलंत. वाक्याच्या मधले इमोजी सोडून द्यायला मी तयार आहे. पण मेसेजवर अंगठ्याची रिॲक्शन देतो तीही बंद? ग्रुपवर एक सूचना आली आणि सगळ्यांनी "हो, वाचलं" लिहिलं तर खालचं महत्त्वाचं दबून जातं. तिथे अंगठाच बरा.

पानकळा:
तो अंगठा म्हणजे वाचलं, पटलं की करतो, हे ठरलेलं असेल तर ठेवा. ठरलेलं नसेल तर महागात पडतं. कॅनडात सास्काचेवानमध्ये धान्य घेणाऱ्या कंपनीने २०२१ साली एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून मान्यता मागितली, त्याने अंगठा पाठवला आणि माल दिला नाही. तो म्हणाला मी फक्त मिळालं एवढंच कळवलं होतं. २०२३ मध्ये कोर्टाने त्याला संमती मानलं आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई लावली.

रोखठोक:
ती केस मीही वाचलीय. त्यात आधीच्या व्यवहारांमध्येही तो शेतकरी "ओके" असं त्रोटक लिहूनच करार मान्य करायचा आणि माल द्यायचा, कोर्टाने ते धरलं. म्हणजे दोष अंगठ्याचा नाही, त्याच्या जुन्या सवयीचा होता. त्याने अंगठ्याऐवजी "ओके" लिहिलं असतं तरी हेच झालं असतं.

पानकळा:
हा मुद्दा बरोबर आहे. म्हणून मी म्हणते की पैसे, तारीख किंवा जबाबदारी असेल तिथे ना अंगठा ना "ओके". "शुक्रवारी दुपारपर्यंत देतो" असं पूर्ण लिहा. नुसती सूचना असेल तिथे अंगठ्याला माझी हरकत नाही.

शुद्धलेखक:
माझी आहे. एकदा सूट दिली की उद्या बदाम आणि परवा नाचणारी माणसं येतात. नियम एकच हवा.

नवी_लीड:
अंगठ्याचं उद्याच्या मीटिंगमध्ये विचारते, आमच्याकडेही यावर दोन तट आहेत. दरम्यान आज एक अवघड मेसेज लिहायचाय, ज्युनिअरच्या कामात चूक सांगायचीय. आधी मी शेवटी हसरा चेहरा टाकून मोकळी व्हायचे. आता असं लिहिलंय, बघा ना:

"तू पाठवलेल्या यादीत सातव्या ओळीपासून रक्कम एका घराने सरकलीय, त्यामुळे एकूण बेरीज चुकतेय. वरच्या सहा ओळी बरोबर आहेत. दुपारी तीनपर्यंत दुरुस्त करून पाठवशील का? कॉलम कॉपी करताना झालं असावं, अडलं तर फोन कर."

पानकळा:
छान आहे. "कॉलम कॉपी करताना झालं असावं" मात्र तुला खात्री असेल तरच ठेव. कारण वेगळंच निघालं तर त्याला तुझा अंदाज खोडून काढायचं अवघड वाटेल आणि तो खरं कारण सांगणार नाही. खात्री नसेल तर "कुठे सरकलं ते बघून सांग" म्हण.

रोखठोक:
मला तर इथे हसरा चेहरा नसलेलाच बरा वाटतोय. चूक सांगून खाली हसणं मला ज्युनिअर असताना फार लागायचं. पण वाढदिवसाच्या आणि निरोपाच्या मेसेजवर हा नियम लावणार असाल तर माझा विरोध कायम आहे.

नवी_लीड:
ते वाक्य बदलून पाठवते. वाढदिवसाचं नियमात काहीच लिहिलेलं नाही, तेही उद्याच विचारते.