हिरवा ठिपका आणि व्हीगन

>> लिप बामला हिरवा ठिपका आहेच, मग पाकिटावर ‘व्हीगन’ छापायला काय हरकत?

हरकत आहे. ठिपका फक्त शाकाहारी-मांसाहारी एवढंच सांगतो. मधमाशीचं मेण आणि लोकरीतून निघणारं लॅनोलिन हिरव्या ठिपक्यात खपून जातं, व्हीगनमध्ये नाही. लाल छटेसाठी कार्माइन (CI 75470) असेल तर तो कोचिनियल किड्यांचा रंग, तिथे हिरवा ठिपकाही गेला. पण हे घटक यादीत नावानिशी दिसतात. खरी गोची ग्लिसरीन आणि स्टिअरिक अॅसिडची. पामतेलापासून केलेलं असो की चरबीपासून, यादीत नाव तेच. प्रयोगशाळेचा शुद्धतेचा अहवालही स्रोताबद्दल गप्प असतो. म्हणून पुरवठादाराकडून प्रत्येक घटकाचं उगमाचं लेखी पत्र घ्या, त्यात मूळ उत्पादकाचं नाव हवंच. आमच्या व्यापाऱ्याने एकदा न सांगता उत्पादक बदलला होता. गोणीवरचं लेबल जुन्या पत्राशी ताडलं म्हणून कळलं. मधमाशीचं मेण काढून कॅन्डेलिला हे वनस्पतीचं मेण घालणार असाल तर ते बरंच कडक असतं, तेव्हा प्रमाण कमी ठेवा आणि बाम नव्याने तपासा.

‘क्रुएल्टी-फ्री’चं म्हणाल तर सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचणीवर आपल्याकडे २०१४ पासूनच बंदी आहे, त्यामुळे नुसता तो शब्द छापून तुम्ही वेगळं काहीच सांगत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या ग्रीनवॉशिंगविषयक, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या फसव्या दाव्यांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांनुसार ‘नॅचरल’, ‘क्रुएल्टी-फ्री’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. ‘नॅचरल’ऐवजी सरळ ‘कोकम बटरयुक्त’ लिहा.