इकॉलॉजी प्रॅक्टिकल: ‘मर्यादा’ या भागात नेमकं काय लिहायचं?

कोवळं_पान
पायवाटेवरच्या तुडवणुकीचा गवतावर होणारा परिणाम, हा आमचा विषय. वाटेला काटकोनात टेप लावली आणि ० ते १८ मीटरपर्यंत दर २ मीटरला १ मीटर बाय १ मीटरची चौकट, म्हणजे क्वाड्रॅट, ठेवला, एकूण १०. गवताचं आच्छादन वाटेलगत १५ टक्के, टोकाला ८०. रिपोर्टात ‘रँडम सॅम्पलिंग केले’ आणि मर्यादांमध्ये ‘वेळ अपुरा होता, क्वाड्रॅट कमी पडले’ असं लिहिलं. बाईंनी दोन्हींखाली लाल रेघ मारली. १४ आणि १६ मीटरवर काटेरी झुडूप आलं म्हणून तिथले क्वाड्रॅट शेजारच्या मोकळ्या जागेत ठेवले होते, ते लिहिलेलं नाही. लिहिलं तर मार्क जातील का?

ठाम_मत
ठरावीक अंतरावर ठेवलेल्याला रँडम म्हणता येत नाही, रेघ बरोबरच आहे. डोळे मिटून क्वाड्रॅट मागे फेकायला हवा होता, म्हणजे प्रश्नच आला नसता.

रानवाटा
पहिलं वाक्य मान्य, दुसरं नाही. फेकणारा माणूस उभा कुठे राहतो आणि किती जोर लावतो, यावर क्वाड्रॅट कुठे पडेल ते ठरतं, त्यामुळे फेकणं रँडम नसतं. रँडम हवं असेल तर दोन टेपांच्या मधे जागा आखून आकड्यांच्या तक्त्यातून जागा काढायच्या. पण इथे प्रश्न अंतराप्रमाणे होणाऱ्या बदलाचा आहे. त्यासाठी सारख्या अंतरावरची मांडणीच योग्य. ‘वाटेपासून दर २ मीटरला, कारण अंतराचा परिणाम पाहायचा होता’ एवढं लिहिलं असतं तर बाईंना आक्षेप घ्यायला जागा राहिली नसती.

आता झुडपाचं. मर्यादा लिहिताना स्वतःला एकच विचारायचं: या गोष्टीमुळे माझा आकडा वर गेला की खाली? झुडपाखाली सावलीत गवत विरळ असतं. क्वाड्रॅट मोकळ्यात सरकवले, म्हणजे वाटेपासून लांबचं आच्छादन खऱ्यापेक्षा जास्त दिसलं. तुमचा निष्कर्षही ‘लांब गेलं की गवत वाढतं’ हाच. म्हणजे चूक निष्कर्षाच्याच बाजूने झुकली आहे, आणि म्हणून हीच सगळ्यात महत्त्वाची मर्यादा. उलट बाजूने झुकली असती तर तुमचा निष्कर्ष आणखी भक्कमच ठरला असता. ‘वेळ अपुरा’ या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही. ते दोन क्वाड्रॅट वगळून आलेख पुन्हा काढा आणि चढ तसाच राहतो का, ते रिपोर्टात सांगा.

तळ्याकाठी
आमच्याकडे वेगळीच गंमत झाली होती. तळ्यातले किडे जाळीने पकडत होतो. किती वेळा जाळी मारायची, हे नव्या जाती सापडायच्या थांबल्या की ठरवायचं, असं सांगितलेलं. तुमचे १० कमी पडले असतील तर क्वाड्रॅट वाढवत गेल्यावर किती जाती सापडतात, याचा आलेख काढून बघा.

रानवाटा
तो आलेख जातींच्या संख्येसाठी, इथे मोजलंय आच्छादन. पण एक विचारतो, टक्के अंदाजले कोणी?

कोवळं_पान
वाटेजवळचे पाच मी, पुढचे पाच मैत्रिणीने. तिचा अंदाज नेहमी थोडा जास्तच असतो.

रानवाटा
मग तेही लिहायला हवं, कारण आता अंतर आणि डोळा यांचा फरक वेगळा काढता येत नाही. एकाआड एक क्वाड्रॅट वाटून घेतले असते तर हे टळलं असतं. अजूनही त्या जागेवर जाऊन दोघींनी तेच तीन-चार क्वाड्रॅट न बोलता अंदाजले, तर फरक किती हे कळेल.

जुना_परीक्षक
मला हे जरा जास्तच वाटतं. पानभर मर्यादा वाचल्या की परीक्षकाच्या मनात शंका येते, मग केलं तरी काय? विद्यार्थ्यांनी दोन मुद्दे लिहावेत आणि सहसंबंधाची चाचणी लावून मोकळं व्हावं. १० नमुने त्याला पुरतात.

रानवाटा
दोनच मुद्दे लिहा, हरकत नाही, पण वर आलेले दोन लिहा. चाचणीबद्दल मात्र मी असहमत आहे. टेप एकच होती. ८ मीटरनंतर उतार किंवा सावली बदलत असेल, तर दहाच्या दहा क्वाड्रॅट त्याच बदलातून जातात. हे दहा नमुने त्या एका रेषेबद्दल बोलतात, वाटेच्या परिणामाबद्दल नाही. एकाच जागेचे नमुने स्वतंत्र धरण्याची हीच चूक, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, इकॉलॉजिस्ट हर्लबर्टने १९८४ मध्ये दाखवून दिली होती. वाटेच्या वेगवेगळ्या जागी निदान चार-पाच रेषा असत्या तर प्रत्येक रेषा एक नमुना धरता आली असती.

जुना_परीक्षक
तत्त्व मान्य. पण एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये पाच रेषा कोण करणार? मी चाचणी लावायलाच सांगेन, आणि खाली ‘हा निकाल या रेषेपुरता’ असं लिहून घेईन.

रानवाटा
मग लोक फक्त पी-मूल्यच वाचतात, खालची ओळ नाही. मी नुसता आलेख ठेवायला सांगेन.

कोवळं_पान
शीर्षकातलं ‘पायवाटेचा परिणाम’ काढून ‘एका रेषेवरील गवताच्या आच्छादनातील बदल’ करते. उतार टेपच्या दोन्ही टोकांना मोजलाच नव्हता, तेही नोंदवते. चाचणीचं बाईंनाच विचारेन.