मित्राचे रात्रीचे लांबलचक मेसेज: काळजी करावी का?

रानवाट: कॉलेजपासूनचा मित्र, वय ३१, नाशिकला एकटा राहतो. मी पुण्यात. दोनेक महिने त्याचे मेसेज रात्री एकनंतर सुरू होतात. मंगळवारी तीन वाजेपर्यंत चौदा आले: मिसळीचं दुकान काढायचंय, गाळासुद्धा बघितलाय. गुरुवारी त्याच वेळेला, "मी सगळ्यांना जड झालोय रे." सकाळी विचारलं तर हसरा इमोजी आणि "काल जरा जास्तच बोललो." नेमकं काय करू?

टपरीवाला: सरळ बायपोलर आहे हे. माझ्या आत्येभावाचं अस्संच होतं. डिप्रेशनची गोळी सुरू करायला सांगा, महिन्यात फरक पडतो.

बाभूळ: मी आधी म्यूट करतो राव. तुमची झोप पण महत्त्वाची.

शेवंता_ना: मनोविकार विभागात नर्स आहे, १२ वर्षं. टपरीवाले, शंका चुकीची नाही, पण नुसत्या मेसेजवरून निदान होत नाही. त्या आजारात मूडचे चढ-उतार सहसा काही दिवस, आठवडे टिकतात. एका रात्रीत पालटणारा मूड दारूने किंवा जागरणानेही होतो. आणि आजार तोच असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने माणसाचा मूड उलट जास्तच चढू शकतो. म्हणून डॉक्टरांना फक्त उदास रात्री नाही, मिसळीच्या दुकानाची रात्रही सांगायची.

रानवाट, झोपेचं विचारा. तीन तास झोपून दिवसभर टवटवीत असतो, की झोप येत नाही म्हणून गळून जातो? फरक मोठा आहे. आणि "जड झालोय" सोडू नका. दिवसा फोन करून स्पष्ट विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही.

रानवाट: काल बोललो. विचारताना माझाच आवाज कापत होता. बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "कधीकधी वाटतं. पण करणार नाही." झोप तीन-चार तास, ऑफिसात पेंगतो. रोज रात्री क्वार्टर घेतो, हे मला माहीतच नव्हतं.

शेवंता_ना: मग दारूचंही डॉक्टरांच्या कानावर जायला हवं. पण एकदम बंद करायला सांगू नका, रोज पिणाऱ्याला त्याचा त्रास होतो. जीव कसा द्यायचा हे ठरवलंय का, घरात काही आणून ठेवलंय का, तेही विचारा. 'हो' आलं तर एकटं ठेवायचं नाही, कुणीतरी त्याच्याजवळ पोचायचं आणि लगेच हॉस्पिटल, वाटल्यास ११२. एरवी याच आठवड्यात अपॉइंटमेंट, तुम्ही सोबत. रात्रीसाठी सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेलिमानस १४४१६: फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. तुम्हीही फोन करू शकता.

रानवाट: ठरवलेलं काही नाही म्हणाला. शनिवारी नाशिकला जातोय. भाऊ तिथेच असतो, पण त्याला सांगू नको म्हणून शपथ घातलीये.

टपरीवाला: शपथ मोडा.

शेवंता_ना: मी आधी त्यालाच म्हणेन, "भावाला तू सांग, मी शेजारी बसतो." जीवाचा धोका दिसला तर मात्र शपथ नाही पाळायची.

रानवाट: बघतो. भावाशी त्याचं वर्षभर बोलणं नाहीये, तीच अडचण आहे.