मदत हवी आहे: तिसऱ्या कडव्याला काय दाखवू?

बीडकडच्या ऊसतोडीवरची माझी कविता व्हिडिओसाठी स्क्रिप्टमध्ये उतरवतेय. पानावर डावीकडे ओळी, उजवीकडे शॉट.

पहिल्या कडव्यात दिवाळीनंतर टोळी निघते, तिथं दाराचं कुलूप. ध्रुवपदाला दर वेळी तेच कुलूप येतं: आधी चकचकीत, मग धुळीनं माखलेलं, शेवटी हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर उघडलेलं. दुसऱ्यात शब्दच कोयत्याचे, म्हणून पडद्यावर कोयता नको. पाचटानं कापलेल्या बोटावरची चिंधी जवळून दाखवतेय.

तिसऱ्यात मात्र नुसती गावाकडच्या लेकराची आठवण आहे, वस्तू एकही नाही. ओळीगणिक वेगळं चित्र टाकलं तर कुलपाचा धागा तुटतो. आजीजवळ राहिलेल्या लेकराच्या गळ्यात किल्ली दाखवली तर? ती पहिल्या कडव्यातच ओझरती दिसायला हवी का, की तिथं दाखवली तर पुढचं आधीच कळेल?