शब्दचर्चा: 'ओव्हरनाइट फंड' म्हणजे कोणाची रात्र?

पुस्तकपान (त्रिमूर्तीनगर, नागपूर): आमच्या सोसायटीत बहुतेक निवृत्त मंडळी आहेत. प्लॉट विकल्याचे किंवा मुदत ठेव संपल्याचे पैसे महिना-दोन महिने कुठे ठेवावेत, यावर त्यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. म्युच्युअल फंडांच्या दोन शब्दांपाशी अडले आहे. 'लिक्विड फंड'साठी 'तरल निधी' लिहिलं, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "तरल म्हणजे पातळ ना गं?" 'ओव्हरनाइट फंड'साठी 'रातोरात निधी' लिहिलं आणि वाचताना मलाच धस्स झालं. रातोरात माणसं श्रीमंत होतात किंवा परागंदा होतात. वयस्कर माणसांच्या हातात असा शब्द द्यायचा नाही मला. काही सुचवाल का?

महालकर: ताई, 'रोकड फंड' लिहा, सरळ. बचत खात्यासारखाच प्रकार आहे, फक्त व्याज जास्त. आणि ओव्हरनाइट म्हणजे आज सांगितलं की एका रात्रीत पैसे परत. 'एकरात्री फंड' म्हणा, सगळ्यांना कळेल.

संत्राबाग (काटोल): एका रात्रीत? काहून सांगून राहिले भाऊ! मृग बहाराचे पैसे आले तेव्हा मी अशाच एका लिक्विड फंडात टाकले होते. शनिवारी मजुरी आणि फवारणीचं औषध, दोन्ही देणं होतं. शुक्रवारी दुपारी चारला मोबाइलवर काढायला टाकले. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारी पण नाही. मंगळवारी खात्यात आले. तोवर मजुरांना साळ्याकडून उसने घेऊन दिले. एक सांगा, बाजार पडला होता म्हणून पैसे अडकले का माझे?

हिशोबनीस (सीताबर्डी): संत्राबाग भाऊ, बाजाराचा काही संबंध नाही. घड्याळाचा आहे. लिक्विड फंडातून पैसे काढायची वेळमर्यादा दुपारी तीनची; ओव्हरनाइट फंडात ऑनलाइन टाकलं तर जून 2025 पासून ती संध्याकाळी सातची. तीनच्या आत टाकलं असतं तर सोमवारी मिळाले असते. चारला टाकलं, म्हणून तुमचा अर्ज सोमवारचा धरला गेला आणि पैसे त्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी आले. शनिवार-रविवारचं उत्पन्न तुम्हाला मिळालं, पण मजुरीच्या वेळी ते काय कामाचं!

आता मूळ प्रश्न. ताई, 'रात्र' कोणाची हे आधी ठरवा, शब्द मग सापडेल. ती रात्र तुमची नाही, फंडाची आहे. फंड तुमचे पैसे एका दिवसापुरते उसने देतो, बहुतेक सरकारी रोखे तारण ठेवून घेऊन. दुसऱ्या दिवशी ते परत येतात, तो पुन्हा देतो. शुक्रवारी दिलेले सोमवारी येतात, तेव्हा ती 'एक रात्र' तीन रात्रींची होते. म्हणून महालकरांचा 'एकरात्री' फंडाच्या उसनवारीला बरोबर लागतो, पण वाचणारा तो स्वतःच्या पैशाला लावणार आणि संत्राबागेसारखा फसणार.

लिक्विड फंडाची उसनवारी लांब, जास्तीत जास्त 91 दिवसांची. सरकारी हुंड्या, बँकांची ठेवपत्रं, कंपन्यांचे कमर्शियल पेपर, म्हणजे त्यांनी थोड्या मुदतीसाठी घेतलेलं कर्ज.

महालकर: पण हिशोबनीस काका, 91 दिवसांत बुडतंय काय? त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, रोज थोडी वरच जाते. मी तीन वर्षं पाहतोय.

हिशोबनीस: तीन वर्षं पाहिलंत, त्याच्या थोडं मागे जा. फेब्रुवारी 2017. आपल्या शेजारचीच कागद बनवणारी कंपनी, बल्लारपूर इंडस्ट्रीज. त्यांच्या कमर्शियल पेपरचं मानांकन एकदम तळाला आलं. ज्या एका लिक्विड फंडाकडे तो पेपर होता, त्याची एनएव्ही एका दिवसात सुमारे सात टक्क्यांनी पडली. म्हणजे वर्षभराची कमाई एका दिवसात गेली. असं क्वचित होतं, आणि त्यानंतर नियमही कडक झाले. आता किमान वीस टक्के रक्कम रोख, सरकारी रोखे अशा चटकन मोकळ्या होणाऱ्या गोष्टींत ठेवावी लागते. पण 'कधीच पडत नाही' असं पुस्तिकेत कृपा करून लिहू नका.

वाडीवाली: ही ओळख नव्हती मला. माझे वडील बल्लारपूरला नोकरीला होते. 'पेपर' म्हटलं की आमच्या घरी कागदाचे गठ्ठेच डोळ्यांपुढे येतात! ताई, पुस्तिकेत कमर्शियल पेपरला 'कंपनीची अल्पमुदतीची उचल' म्हणा. उचल शब्द गावातल्या माणसालाही माहीत आहे आणि त्यात परतफेडीची शंका आपोआप येते.

पुस्तकपान: 'उचल' घेतला! फार नेमका आहे. हिशोबनीस काका, एक खरं उदाहरण करून द्याल? आमच्या इथल्या एका काकांना बेसा रोडचा प्लॉट विकून 12 लाख आलेत, चाळीस दिवसांनी फ्लॅटची रजिस्ट्री आहे.

हिशोबनीस: बचत खात्यावर अडीच टक्के धरू. चाळीस दिवसांचं व्याज साधारण 3,290 रुपये. लिक्विड फंडात सहा टक्के धरू. हे धरलेले आहेत, कबूल केलेले नाहीत. त्याचे साधारण 7,890. त्यातून घेतानाचं मुद्रांक शुल्क लाखाला पाच रुपये, म्हणजे साठ. सात दिवसांच्या आत काढले तर थोडा एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढण्याचं शुल्क, लागतो, पहिल्या दिवशी लाखाला सात रुपये आणि पुढे कमी होत जाणारा. चाळीस दिवसांना तो लागू नाही.

मग कर. फंडाच्या नफ्यावर काकांच्या टप्प्याप्रमाणे कर. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 1,630 च्या आसपास जातील, हातात 6,200 उरतील. बचत खात्याच्या व्याजाला जुन्या करपद्धतीत सूट आहे, ज्येष्ठांना मुदत ठेवीसह एकूण 50,000 पर्यंत. काका तिथे बसत असतील तर 3,290 पूर्ण त्यांचे. फरक उरला 2,900 रुपयांचा. नव्या पद्धतीत दोन्हीवर कर, तेव्हा फरक थोडा वाढतो.

एवढ्या पैशासाठी काय सोडलं, ते काकांना सांगा. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे, फंडाला तसला विमा नाही. बँकेतून रविवारी रात्रीही पैसे हलतात. फंडातून झटपट काढायची सोय काही योजनांत आहे, पण दिवसाला 50,000 किंवा शिल्लकेच्या नव्वद टक्के, यातलं जे कमी ते. उरलेल्या साडेअकरा लाखांना कामाचा दिवसच लागतो. माझं मत विचाराल तर रजिस्ट्रीच्या निदान तीन कामाचे दिवस आधी सगळे बँकेत आणावेत. आणि मन घाबरत असेल तर ओव्हरनाइट घ्यावा, चार पैसे कमी मिळतील पण त्यात कोणत्याही बल्लारपूरची भीती नाही.

महालकर: विमा पाच लाखांचा, म्हणजे 12 लाख एकाच बँकेत ठेवणंही पूर्ण सुरक्षित नाहीच की.

हिशोबनीस: हा मुद्दा रास्त आहे. मोठ्या बँकेत ती काळजी मी करत नाही, छोट्या सहकारी बँकेत नक्की करेन.

संत्राबाग: मले शब्द सुचला तर सांगतो. आमच्याकडे पाहुणा एक रात्र राहून जातो त्याले 'मुक्कामी' म्हणतात. 'मुक्कामी फंड' म्हणाल तर? मुक्काम किती रात्रींचा, तो गाडी कोणत्या दिवशी सुटते त्यावर.

वाडीवाली: सुंदर आहे, पण 'मुक्कामी' लिक्विडलाही लागेल. तोही 91 दिवसांचा मुक्कामच.

पुस्तकपान: मग सध्या असं ठेवते: दोन्हीची नावं मराठी लिपीत जशीच्या तशी, कारण मोबाइलवर तीच शोधायची आहेत. पहिल्या वाक्यात 'फंड ज्याला पैसे देतो, त्याच्याकडे एका दिवसाचा मुक्काम' आणि 'जास्तीत जास्त 91 दिवसांचा मुक्काम'. त्याखाली ठळक अक्षरांत, 'तुमच्या हाती मात्र पुढच्या कामाच्या दिवशी, अर्ज दुपारी तीनच्या आत असेल तर'. 'लिक्विड'ला काकूंना पटेल असा एक शब्द अजून हवाच आहे. 'रोकड' म्हटलं की त्यांना हातातल्या नोटा दिसतात, आणि ते तर हे नाही.