स्क्वॉटच्या शेवटच्या दोन रिप : पाठ कमजोर आहे की मांडी दमली?

चिपळूणकर_९०
80 किलोने स्क्वॉट मारतो, 8 रिपचे 4 सेट. सहाव्या रिपपर्यंत सगळं छान. सातवी-आठवी मारताना मात्र खालून उठताना ढुंगण आधी वर येतं, छाती खालीच राहते आणि मग पाठीच्या जोरावर बार वर जातो. दुसऱ्या दिवशी मांड्यांना काही नसतं, कंबर मात्र गच्च. आमचे जिमवाले सर म्हणतात पाठ कमजोर आहे, डेडलिफ्ट वाढव. डेडलिफ्ट 110 आहे. पाठ खरंच कमजोर आहे का? आणि शेवटच्या दोन रिप सोडून द्यायच्या का?

सड्यावरचा
अजिबात सोडू नकोस. सहा रिप सगळेच मारतात, ताकद येते ती सातवी-आठवीला. थोडं पुढे झुकलास तर काय आभाळ कोसळत नाही. शरीर शहाणं असतं, एक दमला की दुसऱ्याला कामाला लावतं. हल्ली मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रत्येक जण फॉर्म फॉर्म करत बसतो आणि वर्षभर 60 किलोच्या पुढे सरकत नाही. सर म्हणतात ते कर, पाठ आणखी तयार होईल.

फिजिओ_रत्नागिरी
सर चुकीचा माणूस पकडतायत. पाठ शेवटपर्यंत उभी आहे, पळून गेली ती मांडी.

बाजूने बघ. बार नेहमी पावलाच्या मध्यावर राहतो, नाहीतर तू पडशील. मांडी आडवी असते तेव्हा गुडघा त्या उभ्या रेषेच्या पुढे असतो आणि खुबा मागे. समज गुडघा 18 सेंमी पुढे आहे आणि खुबा 24 सेंमी मागे. रेषेपासून जितकं लांब, तितकं त्या सांध्याच्या स्नायूंना जास्त काम. तुझं स्वतःचं वजन बाजूला ठेवून नुसत्या बारचा हिशोब केला तर गुडघ्याकडे 80 गुणिले 18 म्हणजे 1440, खुब्याकडे 80 गुणिले 24 म्हणजे 1920.

सातव्या रिपला मांडीच्या पुढच्या स्नायूंना 1440 झेपत नाही. मग काय होतं? बार जवळजवळ जागेवरच असतो, पण गुडघे मागे सरकतात आणि ढुंगण वर येतं. गुडघा आता रेषेपुढे फक्त 6 सेंमी, खुबा मात्र 32 सेंमी मागे. गुडघ्याचं काम 480 वर उतरलं, खुब्याचं 2560 वर चढलं. बार तेवढाच, रिप तेवढीच, आरशात दिसलंही नसेल. पण आठवी रिप मांडीने मारलीच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या ताज्या आणि कंबर गच्च.

कंबरेच्या खालच्या मणक्यापासून बारचं अंतर खुब्याइतकं वाढत नाही, धर 5-6 सेंमी वाढलं. पण कंबरेचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम तेवढ्याच अंतरावर असतात. म्हणजे पुढे झुकल्यामुळे त्यांना जी जादा ओढ लावावी लागते ती साधारण 80 किलोच. पाठीवर एक बार आहे, आणि कंबरेच्या स्नायूंना दुसऱ्या बारइतकं काम वाढलं.

सड्यावरचा
ताई, हिशोब झकास, पण यात भीती कसली? त्याची डेडलिफ्ट 110 आहे. पाठीला 80 किलो झुकून उचलणं जड नाही. गुड मॉर्निंग नावाचा व्यायामच आहे, लोक मुद्दाम असं झुकतात. आणि ज्यांच्या मांड्या लांब असतात ते पहिल्या रिपपासूनच पुढे झुकतात, त्यांनी काय स्क्वॉट सोडायचा?

पेटीवाला_देवगड
माका जिमातला काय कळाक नाय. पण आंब्याच्या सीझनात टेंपोत क्रेट चढवतंय. सकाळी गुडघ्यात वाकान उचलतंय, दुपारपर्यंत गुडघे वाकाक तयार नसतत, मगे कमरेतसून वाकान उचलूचा लागता. संध्याकाळी कंबर धरता. मी काय करू, क्रेट तर 20 किलोचोच येतलो.

आप्पा_तालीम
आमच्या वेळी बार नव्हते आणि कंबरदुखीही नव्हती. बैठका मारायच्या, पाय थरथरले की बसायचं. बैठकीत मांडी दमली तर कामाला दुसरं कोणी येतच नाही. तुमचं लोखंड कमरेला जातं कारण तुम्ही ते खांद्यावर ठेवता.

फिजिओ_रत्नागिरी
आप्पा, अर्धं बरोबर आहे. खांद्यावर वजन नसलं की पाठीला ढकलायला फारसं काही उरत नाही, हे खरं. पण बैठकीत टाचा उचललेल्या आणि गुडघा खूप पुढे. दमलेला माणूस मग हळू उतरतच नाही, धपकन खाली पडतो आणि मांडी पोटरीवर आदळली की त्या उसळीवर वर येतो. तेव्हा स्नायूंच्या वाट्याचं काम गुडघ्याच्या वाटीखालच्या दोरीसारख्या भागाकडे जातं. कंबर वाचते, पण बिल गुडघ्याच्या नावावर फाटतं. तालमीतल्या जुन्या मंडळींचे गुडघे विचारून बघा.

पेटीवाले दादा, तुमचा प्रश्न वेगळा नाहीच, उलट जिमपेक्षा स्पष्ट आहे. 1993 साली स्पाइन या नियतकालिकात अशाच एका प्रयोगाचं लिखाण आलं होतं. आधी मांड्या दमवल्या आणि मग उचलायला लावलं, तर माणसं गुडघ्यातून कमी आणि कमरेतून जास्त वाकायला लागली. फरक एवढाच की जिममधला सहाव्या रिपला थांबू शकतो, तुम्ही नाही. म्हणून वजन नाही, उंची बदला. दोन रिकामे क्रेट उलटे करून त्यावर भरलेला क्रेट ठेवायला सांगा, म्हणजे जमिनीपासून उचलावं लागणार नाही. जोडीदार असेल तर एकाने खालून द्यायचं आणि एकाने टेंपोत लावायचं, आणि अदलाबदल पाय दमण्याआधी करायची, दमल्यावर नाही. जेवून वाकून बसल्यावर उठून लगेच पहिला क्रेट उचलू नका. बराच वेळ वाकून राहिलं की मणक्याच्या मागचे बंध सैल पडतात आणि पूर्ववत व्हायला वेळ लागतो, दोन-चार मिनिटं उभ्याने फिरा.

आता सड्यावरचे. झुकणं वाईट असं मी म्हटलंच नाही. लांब मांडीचा माणूस पहिल्यापासून झुकतो, तो त्याचा फॉर्म. बघायचं ते कोन नाही, बदल. एकाच माणसाची दुसरी रिप आणि सातवी रिप शेजारी ठेव. दुसऱ्यात झुकणं 30 अंश आणि सातव्यात 40 च्या पुढे गेलं असेल, तर काम हललं. गुड मॉर्निंगही ताज्या पाठीने, हलक्या वजनाने आणि ठरवून करतात. इथे कुणी ठरवलंच नाही.

सड्यावरचा
ठीक आहे, काम हललं. इजा कुठे झाली? पुढे झुकलं म्हणजे पाठ गेली असं थोडंच आहे. लोक आधी घाबरतात आणि मग प्रत्येक ठणकेला स्लिप डिस्क म्हणतात.

फिजिओ_रत्नागिरी
हा मुद्दा मान्य. 110 ची डेडलिफ्ट असलेल्याला दोन झुकलेल्या रिपने इजा होईलच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशीचा ताठरपणा म्हणजे इजा नव्हे.

पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाठ सरळ ठेवून झुकणं आणि पाठ गोल होणं. सरळ झुकलास तोवर कंबरेचे स्नायूच ओझं धरतात. कंबर पूर्ण वाकली की हे स्नायू जवळपास गप्प होतात आणि ओझं मागचे बंध आणि चकत्या यांच्यावर जातं. म्हणजे काम एका स्नायूकडून दुसऱ्याकडे गेलं तर ठीक, स्नायूंच्या हातून निसटून ज्यांना आकुंचनच करता येत नाही अशांकडे गेलं तर माझा आक्षेप. म्हणून मी विचारीन ते एकच, झुकताना माकडहाडाजवळचा भाग आत वळतो का?

आणि तू जे म्हणतोस, 'ताकद सातवी-आठवीला येते', ते मांडीच्या बाबतीत इथे खोटं ठरतं. मांडीला जी रिप मिळायला हवी होती ती खुब्याने खाल्ली.

चिपळूणकर_९०
बाजूने व्हिडिओ काढला. दुसऱ्या आणि सातव्या रिपचे फोटो थांबवून बघितले. ताई म्हणतात तसंच, सातव्यात गुडघे आधी मागे गेले. पण पाठ गोल नाही, सरळच आहे. एक गंमत म्हणजे पाचव्या रिपलाच गुडघे थोडे मागे सरकताना दिसतात, मला सहाव्यापर्यंत काहीच जाणवत नव्हतं. फ्रंट स्क्वॉट करून बघितलं, 50 किलोलाच दम निघाला. पाठ मजबूत असेल तर मग एवढं कमी का?

फिजिओ_रत्नागिरी
फ्रंट स्क्वॉटमध्ये बार पुढे, खांद्यांवर. पुढे झुकलास तर बार सुटतो, म्हणजे काम खुब्यावर टाकायचा मार्गच बंद. मांडीची खरी ताकद तिथे उघडी पडते. (वरची पाठ आणि मनगटं सवयीची नसतील तर आकडा आणखी खाली येतो, म्हणून 50 कडे बघून घाबरू नकोस.)

माझं म्हणणं असं : आठवडाभर बॅक स्क्वॉट 70 वर आण आणि आठ रिप मोजू नकोस. गुडघे मागे सरकलेली पहिली रिप दिसली की त्या सेटला पूर्णविराम. पहिल्या सेटला आठ निघतील, चौथ्याला कदाचित पाच, चालेल. नंतर मांडीचं उरलेलं काम टाचेखाली छोटी प्लेट ठेवून गॉब्लेट स्क्वॉटने पुरं कर. तिथे दमलास तर डंबेल खाली ठेवायचा, पाठीने ओढायचं काही नाही. आणि मे महिन्याच्या घामात बार खांद्यावरून सरकत असेल तर तेही धर, सरकलेला बार माणसाला आपोआप पुढे वाकवतो.

सड्यावरचा
70 वर आण म्हणजे सहा महिने मागे जा. मी उलटं सांगतो. 80 ठेव, रिप सहाच मार, पाठ सरळ आहे ना, मग दर आठवड्याला एखादी झुकलेली रिप जाऊ दे. स्पर्धेत उतरणाऱ्याला शेवटी कशीही उचलावीच लागते, आणि तशी उचलायची सवयही लागते.

फिजिओ_रत्नागिरी
हा स्पर्धेत उतरतोय का? चिपळूणकर, तू सांग.

चिपळूणकर_९०
नाही हो, मला फक्त मांड्या हव्यात.

सड्यावरचा
मग ताईंचं ऐक. पण 70 वर चार आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नकोस, यावर मी अजूनही भांडेन. आणि सरांना सांग, डेडलिफ्ट 110 च्या वर न्यायची असेल तर न्या, पण या कारणासाठी नको.