मदत हवी आहे: क्रिएटिनच्या डब्यावर ‘मे कंटेन मिल्क’ लिहिलंय, दुधाची ॲलर्जी असताना घ्यावं का?

कोथरूडला राहतो. धाकट्या भावाला (वय २२) दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. लॅक्टोज पचत नाही असं नव्हे. थोडं ताक पोटात गेलं तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. त्यामुळे ‘लॅक्टोज फ्री’ लिहिलेलं आमच्या कामाचं नाही, त्यात दुधाचं प्रथिन असू शकतं.

त्याला रोज ३ ग्रॅम क्रिएटिन सुरू करायचंय. ॲलर्जीच्या डॉक्टरांची क्रिएटिनला हरकत नाही, अट एकच: दुधाचा अंश नको. बिनचवीचं मोनोहायड्रेट बघितलं. घटकांत फक्त क्रिएटिन, ‘कंटेन्स’मध्ये काही नाही, पण खाली बारीक अक्षरात ‘मे कंटेन मिल्क, सोय’. म्हणजे बहुधा त्याच यंत्रावर व्हे भरतात. दुसऱ्या डब्यावर ही ओळच नाही, पण ती कंपनीही व्हे विकते, म्हणून तो जास्त सुरक्षित मानायला मन धजत नाही.

कंपनीकडून बॅचचा रिपोर्ट मागवला. त्यात शुद्धता आणि जड धातू आहेत, दुधाच्या प्रथिनाची तपासणी नाही. दुकानदार म्हणाला, ‘थोडं घेऊन बघा’. ते आम्ही करणार नाही.

ग्लूटेनची अडचण नाही. बजेट महिन्याला हजारापर्यंत.

दुधाची ॲलर्जी असलेलं कुणी क्रिएटिन घेतं का? व्हे अजिबात न हाताळणाऱ्या कारखान्यात भरलेलं, किंवा दुधाच्या प्रथिनासाठी तपासलेलं क्रिएटिन पुण्यात मिळतं का? आणि कंपनीला नेमकं काय विचारलं की लेखी उत्तर मिळतं?